दिवसभर गरम पाणी, सहा आठवड्यांत घटलेलं वजन आणि अडकलेला काटा : एक प्रकरण अभ्यास

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनं आणि तपासण्यांचे आकडे मूळ नोंदींप्रमाणे आहेत.)

पार्श्वभूमी

वय 46, उंची 162 सेंटीमीटर, वजन 74 किलो. हिशोबाचं बैठं काम. रक्तदाबासाठी दोन वर्षांपासून रोज सकाळी एक गोळी, क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणाऱ्या गटातलं औषध. बाकी आजार नाही. गुडघे दुखत असल्यानं चालणं जवळजवळ बंद.

वजन कमी करायचं ठरवल्यावर या ताईंनी सगळ्यात सोपा वाटला तो उपाय निवडला. एक लिटरचा थर्मास टेबलावर ठेवायचा आणि दिवसभर घोट घोट गरम पाणी प्यायचं. दिवसाला तीन थर्मास. जेवणात काही बदल करायचा नव्हता. कारणमीमांसाही तयार होती: तेलकट भांडं गार पाण्यानं निघत नाही, गरम पाण्यानं निघतं. शरीरातल्या चरबीचंही तसंच, शिवाय साठलेली घाणही धुऊन निघते.

पहिल्या सहा आठवड्यांत वजन 2.6 किलोनं उतरलं. असा अनुभव आल्यावर उपायावर विश्वास बसणारच. त्यांनी ऑफिसातल्या आणखी दोघींना थर्मास घ्यायला लावला.

अडचण

सातव्या आठवड्यापासून काटा हलेना. वेग वाढावा म्हणून त्यांनी दोन बदल केले. प्रत्येक थर्मासमध्ये अर्धं लिंबू आणि चमचाभर मध घालायला सुरुवात केली. आणि आठवड्यातून एक दिवस ‘डिटॉक्स’ ठेवला: त्या दिवशी जेवण जवळपास नाहीच, थोडी फळं, आणि गरम पाणी साडेचार ते पाच लिटर.

डिटॉक्सच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काटा किलोभर खाली दिसायचा आणि दोन दिवसांत परत जागेवर यायचा. असे दोन महिने गेले. मधल्या काळात डिटॉक्सच्या संध्याकाळी डोकं ठणकू लागलं, मळमळ होऊ लागली. जिथे हे सगळं वाचलं-ऐकलं होतं तिथे त्याचं उत्तर दिलेलंच होतं: विषारी द्रव्यं बाहेर पडताना असं होतं, सोसायचं.

त्या माझ्याकडे आल्या तो असाच डिटॉक्सचा दुसरा दिवस होता. विचारायला आल्या होत्या वजनाबद्दल. पण बोलता बोलता शब्द हरवत होते, आणि दोनदा म्हणाल्या, “डोकं जड झालंय, बाकी काही नाही.”

पहिला निर्णय : आहाराचं नंतर

इथे दोन रस्ते होते. ठरल्याप्रमाणे आहाराची चर्चा करायची, किंवा ती थांबवून आधी रक्त तपासायला पाठवायचं. गोळ्यांची पट्टी त्यांच्या पर्समध्ये होती. औषधाचं नाव वाचल्यावर दुसरा रस्ता उघड होता. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांना लगेच तिकडे पाठवलं. रक्तातलं सोडियम 127 आलं. ते 135 ते 145 मध्ये असायला हवं.

असं का झालं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण “पाणीच तर आहे, पाण्यानं काय होणार” हे वाक्य अशा प्रत्येक प्रकरणात ऐकू येतं.

किडनी निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवी कितीही पातळ केली तरी प्रत्येक लिटरमागे थोडे क्षार आणि थोडा युरिया सोबत जावाच लागतो. हे क्षार आणि हा युरिया येतो जेवणातून, मिठातून आणि प्रथिनांतून. पोटभर जेवणाऱ्या निरोगी माणसाची किडनी दिवसाला दहा लिटरांहून जास्त पाणी सहज काढून टाकते. पण जेवणच थांबलं की सोबत जायला काही उरत नाही आणि ही मर्यादा झपाट्यानं खाली येते. म्हणजे ज्या दिवशी ताई सगळ्यात जास्त पाणी पीत होत्या, नेमकी त्याच दिवशी त्यांची पाणी काढून टाकायची क्षमता सगळ्यात कमी असायची. त्यात हे औषध. या गटातली औषधं लघवी पातळ करण्याच्या किडनीतल्या यंत्रणेलाच अडवतात, वर सोडियमही बाहेर घालवतात. मग जास्तीचं पाणी शरीरात राहतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं, पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसल्यानं पहिली तक्रार डोक्याची येते.

डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, बोलताना अडखळणं हा त्याचा क्रम. त्यापुढे झटके येऊ शकतात. विष बाहेर पडत असल्याची खूण म्हणून त्या जे सोसत होत्या, ती धोक्याची घंटा होती. पाणी गरम होतं की गार, याचा इथे काही संबंध नाही.

डॉक्टरांनी एक दिवस देखरेखीखाली ठेवलं, ती गोळी बंद करून रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातलं औषध दिलं आणि काही दिवस पाण्यावर मर्यादा घातली. तिसऱ्या दिवशी सोडियम 134 आणि दोन आठवड्यांनी 138.

कॅलरींचा हिशोब

तब्येत सावरल्यावर त्या परत आल्या आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: “पाण्यानं काही होतच नसेल, तर पहिले अडीच किलो गेले कसे?”

आधी उष्णतेचा प्रश्न निकाली काढू. एक किलोकॅलरी, जिला आपण रोजच्या बोलण्यात नुसती कॅलरी म्हणतो, म्हणजे एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशानं वाढवायला लागणारी उष्णता. शरीराचं तापमान 37 अंश. 60 अंशांचं तीन लिटर पाणी प्यायलं तर ते थंड होऊन 37 वर येताना शरीराला साधारण 69 कॅलरींची उष्णता देतं. देतं, घेत नाही. त्यामुळे गरम पाणी कॅलरी जाळतं हे गणितातच उलट बसतं. अर्थात या 69 कॅलरींनी कोणी लठ्ठही होत नाही, कारण शरीराला उष्णतेपासून चरबी बनवता येत नाही. ती कातडीवाटे, घामावाटे निघून जाते. पाण्यात अन्न म्हणून कॅलरी शून्य, मग ते उकळा नाहीतर बर्फात ठेवा.

चरबी ‘वितळण्या’चं म्हणाल, तर गरम घोट पोटात पोचून काही मिनिटांत शरीराच्या तापमानाला येतो. पोटावरच्या चरबीपर्यंत तो पोचतच नाही, आणि पोचला तरी काही बिघडत नाही, कारण ती चरबी त्या तापमानाला आधीच मऊ-पातळ असते. शरीरातून चरबी जाते ती तिचं ज्वलन होऊन. 2014 साली मीरमन आणि ब्राउन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हा हिशोब सोप्या भाषेत मांडला: 10 किलो चरबी पूर्ण जळली की 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातो आणि 1.6 किलो पाणी होतं. चरबीचा मोठा भाग नाकावाटे जातो, लघवीवाटे नाही.

मग 2.6 किलो? त्यासाठी त्यांना थर्मास येण्याआधीचा दिवस तासातासानं आठवायला लावला. आधी त्या दिवसाला पाच कप चहा घेत. दूध आणि दोन चमचे साखर धरून कपाला साधारण 80 कॅलरी. थर्मास आल्यावर ऑफिसातले तीन कप गळाले, कारण हातात सतत गरम काहीतरी होतंच. त्यातल्या दोन कपांसोबत दोन-दोन बिस्किटं असायची, तीही गेली. तीन कपांचे 240 आणि चार बिस्किटांचे सुमारे 150, असे रोजचे 390.

सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस. 390 गुणिले 42, साधारण 16,400 कॅलरी. एक किलो शरीरचरबीमागे 7,700 धरल्या तर दोन किलोंच्या थोडं वर. उरलेलं अर्धा किलो सुरुवातीच्या दिवसांत शरीरातलं पाणी आणि यकृत-स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कमी होताना जातं तसं गेलं. पाण्यानं काही जाळलं नाही, पण चहा-बिस्किटांची जागा घेतली, आणि ती जागा रोज 390 कॅलरींची होती.

ज्याच्या चहात मुळातच साखर नाही आणि मधल्या वेळी खाणं नाही, त्यानं तेच तीन थर्मास प्यायले तर काटा जागचा हलणार नाही.

अडकलेला काटा

आता सातव्या आठवड्यापासूनचं. मध ‘चमचाभर’ म्हणजे किती, हे त्यांना घरून चमचा आणून वजनकाट्यावर ठेवलेल्या वाटीत करून दाखवायला सांगितलं. चमचा बुडवला, वर काढला, कडेनं मधाची जाड धार सुटत होती ती आधी वाटीत पडू द्यायची म्हणून दोन क्षण थांबल्या. काटा 24 ग्रॅमवर थांबला. मधाच्या ग्रॅमला साधारण तीन कॅलरी, म्हणजे चमच्याला 72, तीन थर्मासना 215. त्या काट्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आणि मी साखर सोडली म्हणून सांगत होते सगळ्यांना.”

चार दिवसांची खाण्याची नोंद काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: संध्याकाळचा एक कप, त्याच्या दोन बिस्किटांसकट, कधीच परत आला होता. तो 155. दोन्ही मिळून 370. वाचवलेले 390 जवळजवळ पूर्ण भरून निघाले होते. अशा नोंदीत पन्नास-शंभर इकडेतिकडे होतातच, पण दिशा स्पष्ट होती.

आणि डिटॉक्सचा दिवस? त्या दिवशी बाराशे-चौदाशे कॅलरी कमी जात होत्या हे खरं. पण पुढच्या दोन दिवसांच्या जेवणात तेवढीच भर पडत होती. सकाळी काट्यावर दिसणारा किलो चरबीचा नव्हताच. रिकामं आतडं आणि घटलेलं ग्लायकोजेन. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते जेवल्याबरोबर परत येतं.

घाण बाहेर पडते का?

यावर त्यांचा सगळ्यात ठाम पुरावा होता लघवीचा रंग. “अगदी पाण्यासारखी स्वच्छ होते,” असं त्या सांगत.

किडनीत दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो. हे काम आपण एक लिटर प्यायलो की तीन, यावर अवलंबून नाही. रोज तयार होणारा युरिया तेवढाच असतो. लघवीला पिवळा रंग देणारं द्रव्यही साधारण तेवढंच, ते कमी पाण्यात गडद दिसतं, जास्त पाण्यात फिकं. रंग बदलला म्हणजे जास्त घाण गेली असं नाही, तेवढीच घाण जास्त पाण्यात गेली. आणि चरबीत विरघळणारी द्रव्यं तर आधी यकृताला रासायनिक बदल करून पाण्यात विरघळण्याजोगी करावी लागतात. त्या कामाचा वेग घोटांवर ठरत नाही.

पाणी फारच कमी पिणाऱ्याला, किंवा मुतखडा होऊन गेलेल्याला जास्त पाण्याचा फायदा नक्की होतो. या ताई दोन्हींत बसत नव्हत्या.

पर्याय

गरम पाणी पूर्ण बंद करायचं, हा पहिला विचार. पण तसं केलं असतं तर रिकाम्या हातात चहाचा कप परत आला असता आणि एकमेव फायदा गेला असता. म्हणून तो सोडला.

त्यांच्या मुलीनं सुचवलेला दुसरा पर्याय होता बर्फाचं पाणी, कारण ते गरम करायला शरीराला कॅलरी लागतात. तत्त्व बरोबर आहे, आकडा किरकोळ. 5 अंशांचं दोन लिटर पाणी 37 वर न्यायला जास्तीत जास्त 64 कॅलरी, आणि त्यातली बरीचशी उष्णता शरीर एरवीही बाहेर टाकतच असतं. 2003 मध्ये बर्लिनच्या एका गटानं 14 जणांवर प्रयोग करून अर्धा लिटर पाण्यानं चयापचयाचा वेग 30 टक्क्यांनी वाढतो असं मांडलं होतं. तो आकडा आजही सगळीकडे फिरतो. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटानं तोच प्रयोग केला तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्यानं काहीच वाढ दिसली नाही आणि 3 अंशांच्या पाण्यानं तासाभरात फक्त साडेचार टक्के. एवढ्यासाठी रोज बर्फ पिण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय पाण्याची वेळ बदलण्याचा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 55 ते 75 वयाच्या लोकांनी कमी कॅलरींच्या आहाराबरोबर तिन्ही जेवणांआधी अर्धा अर्धा लिटर पाणी घेतलं. 12 आठवड्यांत त्यांचं वजन नुसता आहार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. पाणी गरम नव्हतं. परिणाम आला तो जेवायला बसताना पोट थोडं भरलेलं असल्यानं. पण पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, म्हणून दुपारी तीनला घेतलेल्या घोटाचा रात्रीच्या जेवणावर परिणाम होत नाही. दिवसभर घोट घोट पिण्यात हा फायदा वाटून वाटून संपतो.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला, पण अभ्यासातलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं नाही. सोडियम नुकतंच सावरलं होतं. डॉक्टरांच्या संमतीनं दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास एक पेला पाणी, बाकी तहानेप्रमाणे, दिवसाचं एकूण दोन लिटरांच्या आसपास. मध बंद. लिंबूही बंद केलं, कारण दिवसभर आंबट घोट घेतल्यानं दातांवर आम्ल सतत राहतं आणि त्यांचे दात आधीच ठणकू लागले होते. डिटॉक्सचा दिवस रद्द. संध्याकाळचा कप ठेवला, तो त्यांना हवाच होता, पण बिस्किटांशिवाय. रात्री आठनंतर पाणी कमी, कारण दोनदा उठावं लागून झोप मोडत होती.

थर्मास तसाच राहिला, फक्त एकच, आणि त्यातलं तापमान मोजलं. स्वयंपाकाचा थर्मामीटर झाकणात ओतलेल्या पाण्यात धरला तेव्हा 74 अंश दाखवत होता. त्या इतकंच गरम पाणी घोटाघोटानं पीत होत्या आणि टाळूची कातडी सोलते याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून वर्गीकृत केली आहेत. पेय कुठलंही असो, मुद्दा तापमानाचा आहे. झाकणात ओतून, झाकण हातात आरामात धरता येईपर्यंत थांबायचं, एवढं ठरलं.

परिणाम

तीन महिन्यांत वजन 2.2 किलोनं उतरलं. मधाचे 215 आणि बिस्किटांचे 75 धरले तर कागदावर तीन किलोंच्या वर जायला हवं होतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही थोडा उतरतो, आणि सुट्टीच्या दिवशी हात सैल सुटतो. टाळू भरून आली. रात्री एकदाच उठावं लागतं. सोडियम नंतरच्या दोन्ही तपासण्यांत व्यवस्थित होतं. गुडघ्यांसाठी व्यायाम सुरू झाला आहे, त्याचा वजनावरचा परिणाम अजून सांगण्यासारखा नाही.

गरम पाणी त्या आजही पितात. घशाला बरं वाटतं आणि चहाची आठवण होत नाही, हे त्यांचं कारण, आणि ते मला पुरेसं वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा सहाव्या आठवड्याची. वजन उतरत असताना कोणी ते का उतरतंय हे विचारत नाही. तेव्हाच कोणते कप गळाले हे कागदावर आलं असतं, तर वेग मंदावल्यावर त्यांनी थर्मासमध्ये भर घालण्याऐवजी उरलेल्या कपांकडे पाहिलं असतं.

दुसरी जागा औषधाची. मधल्या काळात त्या रक्तदाबासाठी डॉक्टरांकडे एकदा जाऊन आल्या होत्या. पाण्याचा विषय निघाला नाही, कारण पाणी हे काही औषध नाही असं त्यांना वाटलं, आणि तिकडूनही तो विचारला गेला नाही. लघवीचं औषध, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यानं रोजचं पाणी लिटरनं वाढवण्याआधी एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा: माझ्या गोळ्यांबरोबर किती पाणी चालेल?

तिसरी जागा पहिल्या डोकेदुखीची. उपाय सुरू केल्यावर नवा त्रास सुरू झाला, तो उपाय केलेल्याच दिवशी होतो आणि न केलेल्या दिवशी होत नाही, हे त्यांच्या स्वतःच्या डायरीत लिहिलेलं होतं. रक्ताची साधी तपासणी त्याच आठवड्यात झाली असती तर आकडा 127 पर्यंत घसरण्याआधीच सापडला असता. त्या ऑफिसातल्या दोघींपैकी एक रक्तदाबाच्या गोळ्या घेते, हे कळल्यावर ताईंनी स्वतःच तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तिचं सोडियम ठीक निघालं.